शंभर टक्के, पण कशाचे?

जीवाणूंच्या प्लास्मिडांविषयी जे काही लोकप्रिय लेखन होते आणि महाविद्यालयीन पुस्तकांत जे परिच्छेद असतात, त्यांत एक वाक्य हमखास भेटते. ते साधारण असे असते: 'काही प्लास्मिडांवर विष आणि प्रतिविष यांची जोडी असते, प्लास्मिड गमावणारी पेशी या विषाने मरते, आणि त्यामुळे प्लास्मिड जीवाणूंच्या समूहात स्थिर राहते.' वाक्य सुटसुटीत आहे. वर्गात सांगितले की मुले डोळे विस्फारतात, कारण त्यात एखाद्या खंडणीखोराच्या गोष्टीची गंमत आहे. पण या वाक्याचे दोन तुकडे आहेत आणि ते एकाच मापाचे पक्के नाहीत. पहिला तुकडा, म्हणजे प्लास्मिड गमावणारी पेशी मरते हा, उत्तम प्रयोगांनी सिद्ध झालेला आहे. दुसरा तुकडा 'त्यामुळे' या एका शब्दावर उभा आहे, आणि तो शब्द जितका तपासायला हवा तितका आपण तपासत नाही. या लेखात तो तपासायचा आहे.

प्रथम पहिल्या तुकड्याला त्याचा मान देऊ. प्लास्मिड म्हणजे जीवाणूच्या मुख्य गुणसूत्रापासून वेगळी राहणारी, स्वतःच्या प्रती स्वतः काढणारी डीएनएची छोटी कडी. पेशीत तिच्या वीस प्रती असतील आणि विभाजनाच्या वेळी प्रत्येक प्रत नाणेफेक केल्याप्रमाणे या किंवा त्या कन्यापेशीत गेली, तर एखादी कन्या रिकाम्या हाताने निघण्याचा प्रसंग पाच लाख विभाजनांत एखाद्या वेळी येईल. पण प्रती चारच असतील तर दर आठ विभाजनांत एकदा असे घडेल, आणि दोनच असतील तर निम्म्या विभाजनांत. मोठ्या प्लास्मिडांच्या प्रती मोजक्याच असतात, कारण इतका डीएनए वाहून नेणे पेशीला महाग पडते. तेव्हा अशा प्लास्मिडांना नशिबावर हवाला ठेवून चालत नाही. त्यांच्यापैकी अनेकांजवळ प्रती दोन टोकांना ढकलून वाटणी करणारी यंत्रणा असते. तरीही अधूनमधून वाटणी चुकतेच. चुकल्यानंतर काय होते, हा आपला विषय.

आर-१ नावाचे प्लास्मिड घेऊ. १९६३ साली एका साल्मोनेला जीवाणूत सापडलेले हे प्लास्मिड अनेक प्रतिजैविकांना विरोध करणारी जनुके बाळगून आहे. त्यावर सुमारे ५८० आधारजोड्यांचा एक छोटा तुकडा आहे. हा तुकडा दुसऱ्या एखाद्या अस्थिर प्लास्मिडात जोडला तर तेही टिकू लागते, असे आधी दिसले होते. वाटणीची आणखी एखादी यंत्रणा असावी, असा समज होणे स्वाभाविक होते. १९८६ मध्ये डेन्मार्कच्या केन गेर्डेस, रासमुसेन आणि सोरेन मोलिन यांनी दाखवले की हा तुकडा वाटणीत काहीच करत नाही. वाटणी झाल्यावर, रिकाम्या हाताने निघालेल्या कन्येला तो मारतो. या प्रकाराला त्यांनी जे नाव दिले त्याचे मराठी 'विभाजनोत्तर मारण' असे करता येईल.

आता गंमत पाहा. मारणारी वस्तू प्लास्मिडावर आहे आणि मरणाऱ्या पेशीत तर प्लास्मिडच नाही. मग मारतो कोण? उत्तर टिकाऊपणातील फरकात आहे. त्या तुकड्यात हॉक नावाचे जनुक आहे. त्यापासून ५२ अमिनो आम्लांचे एक चिमुकले प्रथिन बनते. ते पेशीच्या पटलात घुसते, पटलावरील विद्युत्‌दाब कोसळतो आणि पेशी मरते. दुसरे जनुक सॉक. त्यापासून प्रथिन बनतच नाही. बनतो तो फक्त सत्तरेक घटकांचाही नसलेला एक छोटा आरएनए, जो हॉकच्या संदेशवाही आरएनएला पूरक असतो. तो त्याला चिकटतो, संदेश वाचला जात नाही, आणि ही जोडगोळी पेशीतील एक विकर कापून टाकते. सॉकचे अर्धायुष्य सुमारे अर्धा मिनिट. हॉकचा संदेश मात्र विलक्षण चिवट आहे. जीवाणूंचे बहुतेक संदेश काही मिनिटांत नष्ट होतात. हा त्यांच्या अनेक पट टिकतो.

पण एवढ्याने काम भागत नाही, आणि येथेच बहुतेक लेख घाई करतात. प्लास्मिड असलेल्या पेशीत हॉकचा संदेश सतत बनत असतो. तो बनल्याबरोबर वाचला गेला तर पेशी प्लास्मिड असूनही मरेल. तो बनल्याबरोबर सॉकने पकडून कापला तर पुढे कन्येत शिल्लक काय राहील? ही अडचण सुटते ती घडीमुळे. नवा बनलेला संदेश स्वतःवरच असा दुमडलेला असतो की त्याला रायबोसोमही वाचू शकत नाही आणि सॉकही धरू शकत नाही. तो एक बंद पाकीट आहे. पेशीतील विकरे त्याचे एक टोक हळूहळू कुरतडतात. सुमारे चाळीस घटक गेले की घडी उलगडते आणि पाकीट उघडते. प्लास्मिड असलेल्या पेशीत उघडलेल्या प्रत्येक पाकिटावर सॉक तत्काळ झडप घालतो. प्लास्मिड गमावलेल्या कन्येत मात्र आईकडून आलेली बंद पाकिटे पुष्कळ असतात आणि आईकडून आलेला सॉक दोन-चार मिनिटांत संपलेला असतो. पाकिटे एकेक करून उघडू लागतात, आणि आता झडप घालायला कोणी नसते. सूक्ष्मदर्शकाखाली अशा पेशी लगेच ओळखू येतात: दोन्ही टोकांना द्रव्य गोळा झालेले, मध्ये काचेसारखी पारदर्शक पोकळी. संशोधक त्यांना भूतपेशी म्हणतात.

ही रचना इतकी नेमकी आहे की ती पाहून तिचा हेतू आपल्याला आपोआप कळला असे वाटू लागते. हा मोह धोक्याचा आहे. तो किती धोक्याचा आहे याचा पुरावा याच विषयाच्या इतिहासात, तीन वर्षे आधी सापडतो.

१९८३ मध्ये ओगुरा आणि हिरागा या जपानी संशोधकांनी एफ या प्लास्मिडावरील अशाच एका तुकड्याचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांची युक्ती आजही वर्गात सांगण्याजोगी आहे. त्यांनी असे प्लास्मिड वापरले की जे ३० अंशांना स्वतःच्या प्रती काढते, पण तापमान ४२ अंशांवर नेले की थांबते. मग पेशी विभागत राहतात आणि असलेल्या प्रती वाटल्या जात राहतात. त्यांना असे दिसले की एका पेशीत एकच प्रत उरेल इतपत वाटणी झाली की जिवंत पेशींची संख्या वाढायची थांबते. त्यांनी निष्कर्ष काढला तो असा: प्लास्मिडाची संख्या कमी पडली की हा तुकडा यजमान पेशीला विभाजन रोखून धरायला लावतो. त्यावरून जनुकाला सीसीडी हे नाव मिळाले. त्या अक्षरांचा अर्थ 'जोडलेले पेशीविभाजन' असा होता.

पुढे १९८५ मध्ये याच गटाने अधिक बारकाईने पाहिले. विभाजन थांबल्यासारखे दिसत होते, कारण ते जिवंत पेशी मोजत होते. वास्तविक प्लास्मिड असलेल्या पेशी विभागत होत्या; त्यांच्यापासून दर वेळी एक प्लास्मिडधारक आणि एक प्लास्मिडहीन कन्या निघत होती, आणि प्लास्मिडहीन कन्या काही विभाजनांनंतर लांबलचक धागे बनून मरत होती. ताटलीवर वसाहत करण्याजोगी पेशी एकच उरत होती. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही गोष्टी सारख्याच: संख्या वाढत नाही. फरक कळतो तो द्रावणाचा गढूळपणा आणि वसाहतींची संख्या एकाच वेळी मोजल्यावर. विभाजन खरेच रोखले असेल तर पेशींची एकूण संख्याही थांबेल. पेशी बनून मरत असतील तर गढूळपणा वाढत राहील आणि वसाहती तेवढ्याच राहतील. नंतरच्या काळात त्याच तीन अक्षरांचा अर्थ 'पेशीमृत्यूचे नियंत्रण' असा लावला जाऊ लागला. जनुकाचे नाव तेच राहिले आणि अर्थ मात्र मुकाट्याने बदलला!

(एफ प्लास्मिडावरील यंत्रणा हॉक-सॉकहून वेगळी आहे, हे येथे सांगून ठेवतो. तेथे विषही प्रथिन आणि प्रतिविषही प्रथिन. प्रतिविषाला लॉन नावाचे विकर सतत खात असते, विष टिकते, आणि डीएनएचे पीळ सांभाळणाऱ्या गायरेज या विकराला ते जखडते. टिकाऊपणातील फरक हे तत्त्व मात्र एकच.)

म्हणजे मोजणीत काय धरले आणि काय सोडले यावर एकदा अर्थ उलटा झालेला आहे. माझे म्हणणे असे की 'त्यामुळे प्लास्मिड स्थिर राहते' या वाक्यात तशाच प्रकारची, पण अधिक सूक्ष्म अशी, मोजणीची गोम आहे.

प्लास्मिडाची स्थिरता मोजतात कशी? प्रतिजैविक नसलेल्या द्रावणात जीवाणू कित्येक पिढ्या वाढवायचे, रोज विरलन करून नव्या द्रावणात टाकायचे, ठराविक पिढ्यांनंतर साध्या ताटलीवर पसरायचे, आणि उगवलेल्या शंभर वसाहतींपैकी किती वसाहती प्रतिजैविक असलेल्या ताटलीवरही उगवतात ते पाहायचे. उत्तर टक्क्यांत येते. अंश आहे प्लास्मिडधारक पेशी आणि छेद आहे जिवंत पेशी. मेलेली पेशी वसाहत करत नाही, म्हणून ती छेदात नाही.

आता हिशेब करू. आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत. समजा हजार प्लास्मिडधारक पेशी आहेत आणि दर पिढीत नव्या जन्मलेल्या प्लास्मिडधारकांच्या संततीपैकी शंभरातील एक पेशी प्लास्मिड गमावते. प्रथम मारण नसलेले प्लास्मिड. एका पिढीनंतर २००० पेशी, त्यांपैकी १९८० प्लास्मिडधारक आणि २० रिकाम्या. दोन पिढ्यांनंतर ४००० पेशी. प्लास्मिडधारक सुमारे ३९२०, रिकाम्या ८०. टक्केवारी ९८. अशा शंभर पिढ्या गेल्या की टक्केवारी सुमारे ३७ वर येते. आता मारण असलेले प्लास्मिड. एका पिढीनंतर १९८० प्लास्मिडधारक, २० मेल्या. दोन पिढ्यांनंतर ३९२० प्लास्मिडधारक. टक्केवारी शंभर.

दोन्ही रकान्यांतील प्लास्मिडधारकांचा आकडा पुन्हा पाहा. ३९२० तेथेही आणि ३९२० येथेही. मारणाने प्लास्मिडाची एकही जास्तीची प्रत निर्माण केली नाही, एकही वाटणी सुधारली नाही. छेदातील ८० पेशी तेवढ्या खोडल्या. शंभर टक्के ही स्थिरता प्लास्मिडाची की आपल्या अपूर्णांकाची, असा प्रश्न येथे विचारलाच पाहिजे.

कोणी म्हणेल, रिकाम्या पेशी मेल्या म्हणजे त्यांचे अन्न वाचले, ते प्लास्मिडधारकांना मिळाले, हा फायदा नाही का? आहे, आणि हा आक्षेप रास्त आहे. पण वाचलेले अन्न कोणाला मिळते ते पाहा. त्याच चंबूत हजार अशा पेशी टाका की ज्यांच्यात हे प्लास्मिड कधीच नव्हते. त्यांच्यात हॉकचा संदेश नाही, म्हणून त्यांना मरणाचे भय नाही. त्या दर पिढीत दुप्पट होतात. प्लास्मिडधारक दर पिढीत १.९८ पट. शंभर पिढ्यांनंतर अशा दर शंभर परक्या पेशींमागे प्लास्मिडधारक उरतात सुमारे ३७. मारण असले तरी ३७ आणि नसले तरी ३७. मेलेल्या कन्यांचे अन्न चांगल्या ढवळलेल्या चंबूत साऱ्यांनी वाटून खाल्ले. मारणाने बदल झाला तो एवढाच की यजमानाचा वंश आता आपल्या काही मुली गमावून बसला आहे.

मग त्या पुस्तकी वाक्यात सत्य किती? पुष्कळ आहे, पण अटींसह. समूह बंद असेल, म्हणजे त्यातील सर्व पेशी एकाच प्लास्मिडधारक पेशीच्या वंशज असतील आणि बाहेरचे कोणी नसेल, तर प्लास्मिडाचे खरे प्रतिस्पर्धी म्हणजे स्वतःच्याच रिकाम्या कन्या. त्या ओझे नसल्याने जलद वाढतात आणि काही दिवसांत चंबू भरून टाकतात. त्यांना जन्मतःच मारले तर चंबूवर ताबा प्लास्मिडधारकांचाच राहतो. प्रयोगशाळेतील चंबू बहुधा नेमका असाच असतो, म्हणून प्रयोगाचे उत्तर दर वेळी बरोबर येते. आगरवरील वसाहतीत, जिथे शेजारी म्हणजे सख्खी बहीण, तिथेही वाचलेले अन्न घरातच राहते. आतड्यासारख्या शेकडो वंशांच्या बाजारात मात्र हे गृहीत धरता येत नाही.

बंद चंबूतसुद्धा कालमर्यादा आहे. मारण शंभर टक्के अचूक नसते. विषाच्या जनुकात बिघाड होतो, किंवा गायरेज असा बदलतो की विष त्याला धरू शकत नाही. समजा प्लास्मिडाशिवाय जगू शकणारी एक पेशी दहा हजारांत निसटली आणि ओझे नसल्याने ती दर पिढीला पाच टक्क्यांनी पुढे जाते. तर सुमारे १९० पिढ्यांत तिचा वंश प्लास्मिडधारकांची बरोबरी करील. वीस मिनिटांची पिढी धरून अखंड वाढीत हे तीन दिवसांच्या आत होते. रोज शंभरपट विरलन करण्याच्या नेहमीच्या पद्धतीत दिवसाला साडेसहा-सात पिढ्या होतात, म्हणजे चार आठवडे. आठवडाभर चाललेला स्थिरतेचा प्रयोग आणि महिनाभर चाललेला प्रयोग वेगवेगळी उत्तरे देऊ शकतात, ते यामुळे. कोणताही निबंध वाचताना पिढ्यांचा आकडा आधी शोधावा, टक्के नंतर.

हा दोष सर्वांच्या नजरेतून सुटला होता असे नाही. २००० साली न्यूझीलंडमधील कँटरबरी विद्यापीठाच्या टिम कूपर आणि जॅक हाइनेमान यांनी एक निबंध प्रसिद्ध केला, ज्याचे शीर्षकच वादाला आमंत्रण देणारे होते: विभाजनोत्तर मारणाने प्लास्मिडाची स्थिरता वाढत नाही, तर प्रतिस्पर्धी प्लास्मिडे हाकलली जातात. त्यांची कल्पना समजून घेण्याजोगी आहे. जवळच्या नात्यातील दोन प्लास्मिडे एका पेशीत फार काळ नांदत नाहीत, कारण प्रतींची संख्या मोजणारी यंत्रणा दोघांची एकच असते आणि ती त्यांच्यात भेद करत नाही. काही पिढ्यांत एखाद्या कन्येत केवळ 'क' उरते, एखादीत केवळ 'ख'. आता 'क' वर विष-प्रतिविष आहे आणि 'ख' वर नाही असे समजा. 'ख' गमावलेली कन्या मजेत जगते. 'क' गमावलेली कन्या, जिच्यात 'ख' आहे, ती मरते, आणि तिच्याबरोबर 'ख' ही बुडते.

मघाचा हिशेब आणि हा हिशेब यांत मूलभूत फरक आहे. मघाशी मेलेली पेशी रिकामी होती. तिच्या मरणाने कोणत्याही प्लास्मिडाचे काही गेले नाही. येथे मेलेल्या पेशीत प्रतिस्पर्धी आहे. नाणेफेकीने 'क' आणि 'ख' यांना सारखा वाटा मिळाला असता. मारणाने 'ख' चा वाटा पुसला. आता छेद नव्हे, अंश बदलला. कूपर आणि हाइनेमान यांनी पारडीई ही विष-प्रतिविष जोडी असलेले आणि तीच जोडी काढून टाकलेले अशी एरवी अगदी सारखी दोन प्लास्मिडे परस्परांसमोर उभी केली, आणि जोडी असलेल्याने दुसऱ्याला हाकलले. मात्र त्यासाठी दोन्ही प्लास्मिडे एका पेशीत भेटली पाहिजेत. ती भेटतात संयुग्मनाने, म्हणजे एका जीवाणूने दुसऱ्याला प्लास्मिड देण्याने. वेगवेगळ्या पेशींत राहून नुसते वाढत राहिले तर ही लढाई होतच नाही.

या निबंधाचे मी स्वागत करतो, पण त्याचेही सर्व म्हणणे डोळे मिटून घेऊ नये. अनेक प्लास्मिडांवर अशी जनुके असतात की जी पेशीत आधीपासून असलेल्या प्लास्मिडाच्या नातेवाइकाला आत शिरू देत नाहीत. दारच बंद असेल तर भेट क्वचित होणार आणि लढाईही क्वचित. शिवाय एका प्रयोगातील एका जोडीने जिंकले म्हणून निसर्गातील साऱ्या जोड्या त्याच कारणासाठी निवडल्या गेल्या असे होत नाही. शीर्षकातील 'स्थिरता वाढत नाही' हे शब्दही अतिव्याप्त आहेत; बंद चंबूत ती वाढते, हे आपण वर मान्य केले. तरी या लेखकांनी एक गोष्ट अचूक केली. 'फायदा होतो' असे कोणी म्हटले की 'कोणाच्या तुलनेत?' असे विचारायचे असते, आणि त्यांनी तो तुलनेतला दुसरा पक्ष प्रत्यक्ष चंबूत आणून ठेवला.

हा सारा वाद शब्दच्छल वाटू शकेल, पण रुग्णालयात तो महागात पडतो. प्रतिजैविकांचा वापर थांबवला की प्रतिरोधक प्लास्मिडे ओझे म्हणून गळून पडतील, अशी आशा अनेकदा व्यक्त होते. ती पुष्कळदा फोल ठरते, आणि मग स्पष्टीकरण म्हणून हेच वाक्य पुढे येते: विष-प्रतिविष आहे ना, म्हणून प्लास्मिड जात नाही. पण आर-१ सारख्या प्लास्मिडाजवळ वाटणीची चोख यंत्रणा असते, ते संयुग्मनाने नव्या पेशींत पसरत असते, आणि यजमानाच्या गुणसूत्रात असे बदल होऊ शकतात की प्लास्मिडाचे ओझे हलके होते. या चार कारणांपैकी कोणते किती, हे विष-प्रतिविष जनुक सापडले म्हणून ठरत नाही. ते जनुक तेवढे काढून टाकलेले, बाकी तंतोतंत सारखे प्लास्मिड बनवून, दोन्ही प्लास्मिडे परक्या वंशांच्या सहवासात वाढवून पाहावी लागतात. जनुकांची यादी पाहून वर्तन सांगणे हा आजच्या निबंधांतला सर्वांत सोपा आणि सर्वांत कमकुवत भाग आहे.

आता उपमेविषयी थोडे. १९९३ मध्ये पी-१ या विषाणूच्या अशाच जोडीचे वर्णन करताना यार्मोलिन्स्की आणि सहकाऱ्यांनी 'व्यसन' हा शब्द रूढ केला. यजमानाला प्लास्मिडाचे व्यसन लागते, सोडले तर मरण. उपमा चटकदार आहे आणि एका मर्यादेपर्यंत खरीही, कारण ज्याने कधी चाखलेच नाही त्याला त्रास होत नाही, हे ती बरोबर सांगते. पण व्यसन सोडवता येते, आणि त्याचा उपाय जीवाणूंनाही सापडलेला दिसतो. एर्विनिया क्रिसांथेमी या वनस्पतिरोगकारक जीवाणूच्या गुणसूत्रावर एफ प्लास्मिडातील सीसीडीची नातलग जोडी आहे. २००८ मध्ये ब्रुसेल्सच्या लॉरेन्स व्हान मेल्डेरेन यांच्या गटाने दाखवले की तेथील प्रतिविष एफच्या विषालाही निष्प्रभ करते. असे प्रतिविष स्वतःच्या गुणसूत्रावर असलेली पेशी प्लास्मिड गमावूनही जगते. म्हणून एखाद्या जातीत एखादे प्लास्मिड 'मारते' हे विधान त्या यजमानापुरतेच समजावे. वर्गात मुले विचारतातच, की मग जीवाणू यावर काही उपाय का करत नाहीत? त्याचे हे एक उत्तर तयार ठेवता येईल.

शेवटी पुन्हा आर-१ कडे. त्यावर हॉक-सॉकखेरीज किस आणि किड अशी आणखी एक जोडी आहे. किड विष, किस त्याचे प्रतिविष. तिलाही वर्षानुवर्षे मारेकऱ्यांच्या यादीतच घातले गेले. २००५ मध्ये दे ला कुएवा-मेंदेस आणि सहकाऱ्यांनी किड नेमके काय कापते ते पाहिले. ते काही ठराविक अक्षरक्रम असलेले संदेशवाही आरएनए कापते. असा क्रम ज्या संदेशांत आहे त्यांपैकी एक आहे प्लास्मिडाचाच कॉप-बी, म्हणजे प्रती काढण्यावर ब्रेक लावणाऱ्या प्रथिनाचा संदेश. पेशीत प्रती कमी पडल्या की किस आटते, किड मोकळे होते, ब्रेकचा संदेश कापला जातो आणि प्लास्मिड भराभर प्रती काढू लागते. त्याच वेळी पेशीचे विभाजनही थबकते, त्यामुळे प्रती वाढायला अवधी मिळतो. येथे कन्या मारली जात नाही, ती रिकामी होण्यापूर्वीच सावरली जाते. वाटणीची चूक टळते, म्हणजे मघाच्या आपल्या हिशेबातील १.९८ हा आकडाच २ कडे सरकतो.

ओगुरा आणि हिरागा यांनी १९८३ मध्ये एफ प्लास्मिडाविषयी जे म्हटले होते आणि जे दोन वर्षांत मागे पडले, ते हेच होते: प्रती कमी पडल्या की विभाजन रोखायचे. त्यांचे प्लास्मिड तेवढे चुकले होते.